एक प्रश्न, दोन उत्तरे

नोकरीच्या मुलाखतीची तयारी करून देणाऱ्या व्हिडिओंमध्ये जोडउत्तरांचा प्रकार सर्रास दिसतो. प्रश्न एकच असतो. त्याला आधी कच्चे उत्तर दिले जाते, मग पक्के. कधी पडदा दुभागून दोन्ही शेजारीशेजारी मांडली जातात. पाहणाऱ्याने फरक हेरावा आणि आपले उत्तर सुधारावे, अशी त्यामागची कल्पना आहे. ती चांगली आहे, पण बरेच व्हिडिओ तिची माती करतात. कच्चे उत्तर देणारा खुर्चीत रेललेला असतो, शर्ट चुरगळलेला, नजर छताकडे, वर मालकाची निंदा. पक्के उत्तर देणारा इस्त्रीच्या कपड्यांत हसतमुख बसलेला असतो. असे कच्चे उत्तर पाहून कुणालाही आपली चूक सापडत नाही. ‘मी काही असा नाही’ एवढेच समाधान मिळते.

उपयोगी जोडीत माणूस तोच, कपडे तेच, आवाज तोच आणि अनुभवही तोच असावा लागतो. बदलतो तो फक्त उत्तरातला मजकूर. कच्चे उत्तर ऐकताना ‘यात वाईट काय आहे?’ असा प्रश्न पडला, तर जोडी जमली.

पुणे-चाकण पट्ट्यातल्या एखाद्या सुट्या भागांच्या कारखान्यात क्वालिटी विभागातल्या ट्रेनीच्या जागेसाठी मेकॅनिकल डिप्लोमा झालेला उमेदवार बसला आहे, असे समजू. प्रश्न येतो : ‘इंटर्नशिपमध्ये कामात एखादी अडचण आली असेल. तेव्हा तुम्ही काय केलंत?’

कच्चे उत्तर असे : ‘सर, आमच्याकडे शाफ्टचं काम चालू होतं. एकदा मापात प्रॉब्लेम आला. आम्ही सगळ्यांनी मिळून तो शोधला आणि वेळेत सोडवला. त्यातून मला क्वालिटीचं महत्त्व कळलं. टीमवर्क आणि मेहनत या माझ्या जमेच्या बाजू आहेत.’

पक्के उत्तर असे : ‘सर, सीएनसी लेथवर ३० मिलिमीटर व्यासाचे शाफ्ट होत होते, टॉलरन्स अधिक-उणे ०.०२. दर वीस नगांमागे एक मोजायचं काम माझ्याकडे होतं. एका दुपारी नग ३०.०३ भरला. आधी मायक्रोमीटरच चुकतोय का ते सेटिंग रॉडवर तपासलं. तो बरोबर होता. मग आधीच्या तपासणीनंतरचे सगळे नग मोजले. माप हळूहळू वाढत गेलं होतं आणि शेवटचे चार हद्दीबाहेर होते. मशीन थांबवायचा अधिकार मला नव्हता, म्हणून आकडे लिहून ऑपरेटरना आणि सुपरवायझर सरांना दाखवले. इन्सर्टची धार झिजली होती, त्यांनी ती बदलली. चार नग मी वेगळे काढून ठेवले. माप जास्तीचं होतं, त्यामुळे ते पुन्हा टर्न करून वापरता आले.’

पहिल्या उत्तरात खोटे काही नाही. भाषा नम्र आहे, ओघही बरा आहे. पण ऐकणाऱ्याला त्यातून उमेदवाराने स्वतः केलेली एकही गोष्ट कळत नाही. ‘आम्ही शोधला’ म्हणताना शोधणारा कोण, ते झाकले जाते, आणि मेहनतीचा दावा तर बाहेर बसलेले बाकीचे उमेदवारही करणार असतात. दुसऱ्या उत्तरात मेहनत हा शब्दच नाही. तरीही मुलाखत घेणाऱ्याला तीन गोष्टी दिसतात. या मुलाने आधी मोजण्याच्या साधनावर शंका घेतली. एका नगावर न थांबता तो मागे गेला. आणि आपल्या अधिकाराची हद्द त्याला ठाऊक होती. क्वालिटीच्या कामात ही तिसरी गोष्ट बारीक वाटली तरी मोलाची आहे, कारण नवशिक्याने परस्पर मशीन बंद करणे आणि चूक पाहून गप्प बसणे, दोन्ही महागात पडते.

दोन्ही उत्तरांत प्रसंग, जबाबदारी, कृती आणि परिणाम हे चारही टप्पे आहेत. प्रशिक्षक ज्याला स्टार पद्धत म्हणतात ती हीच. पण सांगाडा असून भागत नाही, प्रमाणही लागते. पक्क्या उत्तरात प्रसंग आणि जबाबदारी मिळून दोनच वाक्ये आहेत. बाकी बहुतेक भाग कृतीचा आहे. अनेक उमेदवार नेमके उलट करतात : कंपनी कुठे, तिथे काय बनते, शिफ्ट कशी, हे सांगण्यातच पहिला मिनिट जातो आणि कृती ‘मग ते सॉल्व्ह झालं’ एवढ्यात उरकते.

जोडीची खरी परीक्षा पुढच्या प्रश्नात होते, आणि तो व्हिडिओंत क्वचितच दाखवतात. मुलाखत घेणारा विचारतो, ‘माप वाढायला दुसरं काय कारण असू शकलं असतं?’ ज्याने ते काम केले आहे तो म्हणेल, ‘नग गरम असताना मोजला असता, तरी माप थोडं जास्त आलं असतं.’ ३० मिलिमीटरचा पोलादी शाफ्ट २० अंशांनी तापला तर व्यास सुमारे ०.००७ मिलिमीटरने वाढतो. एवढ्याने ०.०३ भरत नाही, पण काठावरचा नग त्यामुळे नापास ठरू शकतो. उमेदवाराला हा आकडा सांगता आला नाही तरी चालते. गरम नग थंड होऊ द्यावा लागतो, हे माहीत असणे पुरते. व्हिडिओतले नमुना उत्तर पाठ केलेला उमेदवार मात्र इथे अडखळतो, कारण त्या गोष्टीला त्याच्याकडे मागची बाजूच नसते.

कच्चे उत्तर दाखवावेच कशाला, थेट चांगले शिकवावे, असाही आक्षेप घेतला जातो. अमेरिकी संशोधक टिमथी बाल्डविन यांनी १९९२ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग या मुद्द्याला भिडतो. विषय मुलाखतीचा नव्हता, ठामपणे बोलण्याच्या प्रशिक्षणाचा होता. फक्त चांगले नमुने पाहिलेल्यांनी शिकवलेले जसेच्या तसे अधिक चांगले करून दाखवले. चांगले आणि वाईट दोन्ही पाहिलेल्यांना ते कौशल्य नव्या प्रसंगात अधिक वापरता आले. मुलाखतीत प्रश्न सहसा शब्दशः तोच येत नाही, तेव्हा दुसरा फायदा अधिक कामाचा.

अशा व्हिडिओचा उपयोग पाहण्याच्या क्रमावर ठरतो. प्रश्न ऐकताच व्हिडिओ थांबवून आपले उत्तर मोबाइलवर रेकॉर्ड करायचे, मगच दोन्ही नमुने पाहायचे. आधी नमुने पाहिले की आपल्यालाही तेच सुचले असते, असा भास होतो. नंतर रेकॉर्डिंग ऐकताना दोन खुणा पुरतात : ‘मी’ने सुरू होणारी, कृती सांगणारी वाक्ये किती आणि दुसऱ्या कुणाच्याही तोंडी चपखल बसतील अशी वाक्ये किती. नमुन्यातला शाफ्ट उचलायचा नसतो. त्या जागी कॉलेजचा प्रोजेक्ट, घरचे दुकान किंवा गणेश मंडळाचा हिशोब आला तरी चालतो. उत्तर दीड मिनिटाच्या आत बसावे.

हा साचा भूतकाळातल्या प्रसंगावरच्या प्रश्नांसाठी आहे. ‘शाफ्टचं काँसेंट्रिसिटी कसं तपासाल?’ अशा तांत्रिक प्रश्नाला उत्तर येते किंवा येत नाही. तिथे गोष्ट रचणाऱ्यापेक्षा ‘हे मी केलेलं नाही’ म्हणणारा बरा ठरतो. लोकसेवा आयोगांच्या मुलाखतींची जातही वेगळी आहे. केंद्रीय आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेत २,०२५ पैकी २७५ गुण व्यक्तिमत्त्व चाचणीचे असतात आणि तिथे मतांवर, बातम्यांवर, आपल्या जिल्ह्यावर प्रश्न येतात. त्या तयारीसाठी जोडउत्तरे दाखवायची, तर फरक अनुभवाच्या तपशिलाचा नसून मत कशाच्या आधारावर मांडले आणि सदस्याने उलट बाजू पुढे केल्यावर त्याचे काय केले, याचा असायला हवा.