‘रेड हार्वेस्ट’ या कादंबरीतील कर्तृत्वाचा प्रश्न

परंपरागत रहस्यकथेची रचना व्याकरणाच्या भाषेत मांडावयाची झाल्यास असे म्हणता येईल की, तिच्या आरंभी एक अपुरे वाक्य वाचकापुढे ठेवलेले असते. त्यातील क्रियापद ठाऊक असते, कर्मही समोर पडलेले असते. कर्त्याची जागा मात्र रिकामी असते. गुप्त हेराने ती जागा एका नावाने भरली की कथा संपते. हेर स्वतः त्या वाक्याच्या बाहेर उभा असतो. शेरलॉक होम्सच्या कथांवर वाढलेल्या मराठी वाचकाला हा संकेत इतका अंगवळणी पडलेला आहे की, तो संकेत आहे हेही त्याच्या सहसा ध्यानात येत नाही.

डॅशिएल हॅमेट या अमेरिकन लेखकाच्या ‘रेड हार्वेस्ट’ या कादंबरीने हा संकेत मोडला. ती प्रथम ‘ब्लॅक मास्क’ या मासिकात १९२७-२८ मध्ये चार भागांत आली आणि १९२९ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. हॅमेटने स्वतः पिंकर्टन या खाजगी हेरसंस्थेत काही वर्षे नोकरी केली होती. पुढे ‘न्वार’ म्हणून ओळखल्या गेलेल्या काळोख्या अपराधकथेच्या आरंभीच्या ग्रंथांत या कादंबरीची गणना होते. त्या प्रकाराविषयी बोलताना ‘नैतिक धूसरता’ हा शब्द सढळ हाताने वापरला जातो. जणू ही धूसरता म्हणजे रात्र, पाऊस आणि मद्य यांनी निर्माण केलेले वातावरणच होय. ‘रेड हार्वेस्ट’मधील धूसरता तशी नाही. ती बरीच काटेकोर आहे, आणि ती नेमकी कर्त्याच्या जागेपाशी सापडते.

कथानक थोडक्यात असे. निवेदक हा काँटिनेंटल डिटेक्टिव्ह एजन्सीचा एक हेर असून त्याचे नाव कादंबरीत कोठेही येत नाही. पर्सनव्हिल या खाणींच्या गावी तो डोनाल्ड विल्सन या वृत्तपत्रमालकाच्या बोलावण्यावरून येतो. परंतु भेट होण्यापूर्वीच डोनाल्डचा खून होतो. डोनाल्डचा बाप एलिहू विल्सन हा गावाचा खरा धनी. खाण, बँक, वृत्तपत्रे सारे त्याचेच. मजुरांचा संप मोडण्यासाठी त्याने गुंड आणविले. संप मोडला, पण गुंड गेले नाहीत. जुगाराचा अड्डा चालविणारा मॅक्स थेलर ऊर्फ ‘व्हिस्पर’, चोरट्या दारूचा व्यापारी पीट, ल्यू यार्ड आणि पोलीसप्रमुख नूनन यांनी गाव आपसांत वाटून घेतले आहे. डोनाल्डचा खुनी आल्बरी हा बँकेतील एक मत्सरी तरुण निघतो. त्याचा छडा कादंबरी बरीच शिल्लक असतानाच लागतो. म्हणजे रूढ अर्थाची रहस्यकथा येथेच संपते. मात्र मध्यंतरी भ्यालेल्या एलिहूकडून हेराने गाव साफ करण्यासाठी दहा हजार डॉलर घेतलेले असतात. एलिहूचे मन पुढे पालटते, पण हेर ते पैसे परत करीत नाही आणि गावातून हालतही नाही.

यापुढे हेर जे करतो त्यात गोळीबार थोडा आणि बोलणेच फार. एका ठरवून हरावयाच्या मुष्टियुद्धात आइक बुश या मल्लाला तो गाठतो आणि त्याचे पूर्वचरित्र उघड करण्याची धमकी देऊन त्याला जिंकावयास भाग पाडतो. बुश जिंकतो, आणि त्याच क्षणी प्रेक्षकांतून आलेली सुरी त्याच्या मानेत रुतते. दुसरे उदाहरण भाषाभ्यासकाला विशेष उद्बोधक वाटेल. नूननचा भाऊ टिम पूर्वी मेला होता आणि ती आत्महत्या ठरली होती. मरताना त्याच्या तोंडून जे अपुरे अक्षर बाहेर पडले, त्याचा अर्थ ‘मॅक्स’, म्हणजे मॅक्स थेलर, असा लावता येत होता. हेर ही साक्ष नूननच्या हाती देतो. वस्तुतः ते ‘मॅक्स्वेन’ या एका माजी पोलिसाच्या नावाचे आरंभीचे अक्षर होते. हे सत्यही हेर न्यायालयापुढे नेत नाही. सर्व टोळीप्रमुख एकत्र जमलेले असताना, अविश्वास आणखी वाढावा म्हणून, तो ते तेथे टाकतो. त्याच रात्री नूनन मारला जातो. एका अर्धवट अक्षराचे दोन अर्थ, एक खोटा व एक खरा, आणि दोन्हींचा उपयोग सारखाच!

आता या मरणांचा कर्ता कोण? मराठीला येथे एक सोय आहे. ‘मी कप फोडला’, ‘माझ्या हातून कप फुटला’, ‘कप फुटला’ आणि ‘मी त्याच्याकडून कप फोडवला’ ही चारही वाक्ये आपण रोजच्या बोलण्यात सहज वेगळी करतो. पहिल्यात इच्छा आणि कृती दोन्ही माझ्या; दुसऱ्यात कृती माझी, इच्छा नाही; तिसऱ्यात कोणीच नाही; चौथ्यात इच्छा माझी आणि हात दुसऱ्याचा. या चौथ्या प्रकारालाच आपण प्रयोजक म्हणतो. पाणिनीने स्वतंत्रपणे क्रिया करणाऱ्याला कर्ता म्हटले आणि त्याला प्रवृत्त करणाऱ्याला ‘हेतु’ हे नाव दिले. पण तेवढ्यावर न थांबता त्या हेतूलाही कर्ता ही संज्ञा राखली. प्रवृत्त करणारा क्रियेच्या बाहेर उभा राहू शकत नाही, असाच या व्यवस्थेचा अर्थ होतो.

कादंबरीच्या उत्तरार्धात हेर स्वतःच एक यादी करतो, आणि ती या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. नूननच्या मृत्यूनंतर, डायना ब्रँड या स्त्रीच्या घरी दारू पीत असता, आठवड्याच्या आत पडलेली प्रेते तो बोटांवर मोजतो. संख्या भरते १६. त्यांत डोनाल्ड विल्सन आहे, ज्याच्या मरणात हेराचा काडीमात्र हात नाही. एक पोलीस आहे, ज्याला हेराने स्वतः गोळी घातली. बुश आणि नूनन आहेत, ज्यांना दुसऱ्यांनी मारले, पण ज्यांच्या मरणाची तजवीज हेराच्या बोलण्याने झाली. हे सारे तो एकाच ओळीत, एकाच सुरात, निव्वळ नावे म्हणून मोजतो. क्रियापद गाळले की कर्त्याचा भेदही गळतो. त्याच संभाषणात तो हेही कबूल करतो की, त्या दुपारी एलिहूकडे जाऊन समजुतीने प्रकरण मिटविता आले असते. परंतु त्यांना एकमेकांकडून मारविणे अधिक सोपे होते आणि आता त्याला त्यात समाधानही वाटू लागले आहे. इतकी स्वच्छ प्रयोजक कबुली देऊन झाल्यावर मात्र तो दोष गावावर लोटतो: हे गाव आपल्याला बिघडवीत आहे, येथून लवकर निघालो नाही तर आपणही येथील लोकांसारखे रक्ताने वेडे होऊ. येथे गाव हा कर्ता बनला आहे आणि ‘मी’ हे कर्म. पर्सनव्हिलला लोक ‘पॉयझनव्हिल’, म्हणजे विषनगरी, म्हणतात, ही गोष्ट कादंबरीच्या पहिल्याच परिच्छेदात आली आहे. निवेदकाला प्रथम तो एका मजुराच्या उच्चाराचा दोष वाटला होता. पुढे तोच दोष त्याची सबब होतो.

याच रात्री डायना त्याला जिनमध्ये अफूचा अर्क घालून देते. सकाळी तो जागा होतो तेव्हा जमिनीवर पालथा पडलेला असतो. उजव्या हातात बर्फ फोडण्याच्या टोच्याची मूठ असते आणि टोचा डायनाच्या छातीत रुतलेला असतो. या स्थळी निवेदनाची वाक्ये केवळ स्थिती सांगतात. हात मुठीवर आहे, पाते छातीत आहे. भोसकले कोणी, हे कोठेही येत नाही, कारण निवेदकालाच ते ठाऊक नाही. याचे मराठी भाषांतर करणाऱ्याने मोह आवरला पाहिजे. ‘माझ्या हातून खून झाला होता’ हे वाक्य आपल्या लेखणीत आयते येऊन बसेल. पण त्यात हात निश्चित होतो आणि केवळ इच्छा वगळली जाते. मुळात हातही अनिश्चित आहे. भाषांतरात स्थितीच ठेवावी लागेल.

यानंतरचे त्याचे वर्तन शांत आणि सराईत आहे. तो बोटांचे ठसे पुसतो व निघून जातो. त्याचा सहकारी डिक फोली याला संशय येतो, तेव्हा हेर त्याला परत धाडतो. मात्र मी निर्दोष आहे असे तो सांगत नाही, आणि त्याला ते सांगता येण्यासारखेही नाही. तपास करणारा आणि संशयित येथे एकच झाले आहेत, आणि त्या संशयिताला स्वतःच्याच विरुद्ध किंवा बाजूने साक्ष देता येत नाही.

शेवटी उलगडा होतो, असे सकृद्दर्शनी वाटते. मरणोन्मुख रीनो स्टार्की सांगतो की टोचा त्याने मारला. गुंगीत असलेला हेर अंधारात धडपडत आला, डायना त्याच्यावर कोसळली, आणि खाली पडताना हाताला लागलेली मूठ धरून तो झोपी गेला. येथे अनेक वाचक सुटकेचा निःश्वास टाकतात. परंतु या उलगड्याचे क्षेत्र किती लहान आहे, ते पाहावे. हेराच्या माथ्यावरून जो एक खून उतरला, तो नेमका त्याने योजिलेला नव्हता. जे त्याने योजिले, त्यांबद्दल त्याला कोणी विचारीतच नाही, कारण त्यांचे स्वतंत्र कर्ते ठाऊक आहेत आणि बहुतेक मेलेलेही आहेत. रहस्यकथेचा ‘कोणी केले’ हा प्रश्न फक्त स्वतंत्र कर्त्याला ओळखतो. प्रयोजकाला तो पकडू शकत नाही. हॅमेटने हा प्रश्न अगदी काटेकोरपणे सोडविला आणि तो सोडवूनच त्याचा अपुरेपणा दाखविला, यात त्याचे कौशल्य आहे. शिवाय रीनोची साक्षही वाचकापर्यंत येते ती त्याच निवेदकाच्या तोंडून. ती खोटी मानण्यास कादंबरीत आधार नाही, आणि तशी ती मानू नये. पण दुसरा साक्षीदार नाही, एवढे ध्यानात असावे.

येथे एक आक्षेप संभवतो. मारले गेलेले बहुतेक लोक गुंड होते, तेव्हा त्यांचा नाश म्हणजे गावाची शुद्धीच नव्हे काय? कादंबरीतील शेवटची व्यवस्था याला उत्तर देते. डायनाकडे असलेली एलिहूची पत्रे हेर हस्तगत करतो, आणि त्यांच्या धाकाने म्हाताऱ्याला राज्याच्या गव्हर्नरकडून लष्करी पथक आणविण्यास लावतो. गाव शांत होते, आणि ज्याने गुंड प्रथम आणविले त्याच एलिहूच्या हाती ते परत जाते. तो पुन्हा ते बिघडवील, हे हेरालाही दिसते. ज्या संपापासून हे सारे सुरू झाले, तो संप मात्र मोडलेलाच राहतो. हॅमेटच्या समोर येथे माँटाना राज्यातील ब्यूट हे खाणींचे शहर असावे, असे मानले जाते. तेथे १९१७ च्या ऑगस्टमध्ये फ्रँक लिटल या कामगारपुढाऱ्याला रात्री बिछान्यातून ओढून नेऊन फाशी देण्यात आले, आणि त्याबद्दल कोणालाही शिक्षा झाली नाही. त्या वाक्यातला कर्ता इतिहासानेही रिकामाच ठेवला आहे.

पर्सनव्हिल सोडल्यावर हेर ऑग्डेन येथे बराचसा आठवडा आपल्या संस्थेसाठी अहवाल लिहिण्यात घालवितो. संस्थेचे नियम आणि राज्याचे कायदे आपण किती मोडले, हे त्यांतून दिसू नये असा त्याचा प्रयत्न असतो. सारी कथा मोकळेपणाने सांगणारा हा निवेदक त्या अहवालांतील एकही वाक्य वाचकाला दाखवीत नाही. ते वाचून त्याचा वृद्ध वरिष्ठ फसला नाही आणि त्याने हेराची चांगलीच हजेरी घेतली, एवढेच तो सांगतो.