बायोडेटात काय लिहावं, काय राखून ठेवावं

लग्नाचा मराठी बायोडेटा बहुतेक घरांत एकाच साच्याचा असतो. वर गणपती, मग नाव, जन्मतारीख, जन्मवेळ, जन्मस्थळ, रास, नक्षत्र, नाडी, उंची, वर्ण, शिक्षण, नोकरी, पगार, भावंडं, मामाकूळ, देवक, घरचा पत्ता, वडिलांचा मोबाइल आणि तळाला ‘अपेक्षा’. हा साचा रुळला तेव्हा कागद मध्यस्थाच्या हातून मोजक्या घरांत जायचा. आता त्याची पीडीएफ एकदा वधू-वरांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पडली की ती पुढे कोणाकोणाच्या फोनमध्ये गेली, हे घरातल्या कोणालाच सांगता येत नाही. रकाने मात्र तेच राहिले आहेत.

म्हणून प्रत्येक रकान्यापाशी थांबून दोन गोष्टी पाहाव्यात, असं मला वाटतं. समोरच्या घराला पहिला फोन करायचा की नाही हे ठरवायला ही माहिती लागते का? आणि ती अनोळखी माणसाच्या हाती पडली तर काय होईल?

एक उदाहरण घेऊ. पुण्यात राहणारी एकतीस वर्षांची मुलगी. हिंजवडीतल्या कंपनीत सॉफ्टवेअर तपासणीचं काम करते, पद ‘सीनियर क्वालिटी लीड’, पॅकेज १८ लाख, उंची १६२ सेंटिमीटर. पूर्वी एकदा लग्न झालं होतं, दोन वर्षांत घटस्फोट झाला, मूल नाही.

उंची लिहावीच. विवाहस्थळांच्या संकेतस्थळांवर वय, उंची आणि उत्पन्न या तिन्हींची चाळणी लावता येते. कोणी ‘पाच फूट चार ते पाच फूट आठ’ असं निवडलं की त्याबाहेरचं स्थळ त्याला दिसतच नाही. इंचभर वाढवण्याचा मोह होतो तो इथेच. १६२ सेंटिमीटर म्हणजे पाच फूट चार इंचांना किंचित कमी. तिथे पाच-चार लिहिणं ही सरळ गोळाबेरीज झाली. पाच-सहा लिहिणं म्हणजे थाप. अमेरिकेत २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात डेटिंग संकेतस्थळांवरच्या ऐंशी जणांना बोलावून त्यांची उंची आणि वजन खरोखर मोजलं होतं, वयही पडताळलं होतं. दहातल्या आठांनी यातलं निदान एक काहीतरी बदलून लिहिलेलं निघालं, पण फरक बहुधा थोडाच होता. आपल्याकडे मात्र पाहण्याच्या कार्यक्रमात दोघं शेजारी उभे राहिले की तो थोडा फरकही मावशीच्या नजरेतून सुटत नाही. मग पगाराच्या आकड्याबद्दलही शंका सुरू होते. म्हणून उंची घरीच, अनवाणी, भिंतीला टाचा टेकवून मोजावी आणि तीच लिहावी. वर्णाचा रकाना काढून टाकावा. फोटो असताना त्याची गरज नाही, आणि शादी डॉट कॉमनेही जून २०२० मध्ये रंगाची चाळणी काढून टाकली आहे.

पगाराचं काम जास्त किचकट आहे, कारण इथे खरा आकडाही फसवतो. ‘पॅकेज १८ लाख’ वाचून समोरचं घर बारानं भागतं आणि महिन्याला दीड लाख धरतं. या मुलीच्या पॅकेजचं पोट उघडून पाहू. मूळ पगार निम्मा, म्हणजे ९ लाख धरला, तर कंपनीने तिच्या भविष्यनिर्वाह निधीत भरायचे १ लाख ८ हजार आणि ग्रॅच्युइटीचे सुमारे ४३ हजार याच १८ लाखांत मोजलेले असतात. वर कामगिरीवर ठरणारे दहा टक्के, म्हणजे १ लाख ८० हजार. ते वर्षाअखेरीस मिळतील किंवा कमी मिळतील. उरतात साधारण १४ लाख ७० हजार. त्यातून तिचा स्वतःचा पीएफ, व्यवसाय कर आणि आयकर (२०२५-२६च्या नव्या करप्रणालीप्रमाणे) वजा जाता दरमहा खात्यावर येतात ते एक लाख पाच हजारांच्या आसपास. खोटं कोणीच बोललेलं नाही, तरी महिन्याला पंचेचाळीस हजारांचा गैरसमज आधीच तयार झाला.

त्यामुळे बायोडेटात ‘वार्षिक पॅकेज १५ ते २० लाख’ असा पट्टा पुरे. राहणीमानाचा अंदाज येण्यासाठी पहिल्या फोनआधी एवढंच लागतं. हातात येणारी रक्कम, घराच्या कर्जाचा हप्ता, धाकट्या भावाच्या शिक्षणाला जाणारे पैसे या गोष्टी दोघांनी दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत एकमेकांना सांगाव्यात. कर्जाची गोष्ट साखरपुड्याच्या पुढे ढकलू नये, कारण तो हप्ता उद्या दोघांच्या घरखर्चातून जाणार असतो.

पदाचं नाव मला सगळ्यात बिनकामाचं वाटतं. एका कंपनीतला ‘लीड’ दुसऱ्या कंपनीत ‘मॅनेजर’ असतो, आणि घरच्यांना दोन्ही सारखेच अगम्य. त्यापेक्षा ‘सॉफ्टवेअर तपासणी, पुणे, आठवड्यातून दोन दिवस घरून काम, परदेशी बदलीची शक्यता नाही’ असं लिहिलं तर नगरच्या किंवा नाशिकच्या मुलाला लगेच कळतं की हे जमण्यासारखं आहे का. कंपनीचं नाव मात्र पहिल्या बोलण्यापर्यंत थांबवावं. नाव, फोटो आणि कंपनी एकत्र मिळाली की कुठलाही माणूस पाच मिनिटांत लिंक्डइनवर तिला शोधून काढतो आणि ऑफिसच्या फाटकाशी उभा राहू शकतो. चौकशी घरच्यांना करायचीच असते. ती ओळख झाल्यावर, तिला सांगून होऊ द्यावी.

आता मामाकूळ. त्या रकान्यात आईचं माहेरचं आडनाव असतं. बँका आणि ईमेल कंपन्या खातेदाराची ओळख पटवायला वर्षानुवर्षं हाच प्रश्न विचारत आल्या आहेत. त्याच्या शेजारी पूर्ण जन्मतारीख, जन्मगाव आणि मोबाइल नंबर, म्हणजे फसवणूक करणाऱ्याला वेगळं काही शोधावंच लागत नाही. पुढे पाठवायच्या प्रतीत वय आणि जन्मवर्ष लिहावं. जन्मवेळ, जन्मस्थळ, मामाकूळ आणि पत्ता ‘पत्रिका बघायची आहे’ असं समोरून आल्यावर द्यावा. ज्या घराला मंगळ किंवा एकनाड अडते, ते घर विचारतंच.

घटस्फोटाची ओळ मात्र पहिल्याच पानावर हवी: ‘घटस्फोटित, अपत्य नाही’. मोडण्याची कारणं तिथे नकोत, ती भेटीत सांगायची. पण ही ओळ गाळून दोन महिन्यांनी सांगितली, तर नकार घटस्फोटाला नव्हे, लपवण्याला येतो. कायद्याचाही भाग आहे. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १२ नुसार, जोडीदाराबद्दलच्या महत्त्वाच्या बाबीत फसवून संमती घेतली असेल, तर फसवणूक उघडकीस आल्यापासून वर्षभरात लग्न रद्द करण्यासाठी अर्ज करता येतो. मात्र खरं कळल्यावरही राजीखुशीने संसार केला असेल तर नाही. महत्त्वाची बाब कोणती, हे न्यायालय प्रत्येक प्रकरणात वेगळं ठरवतं.

आजारपणाला हाच नियम लावायला मी तयार नाही. मधुमेह, फिट्स, मानसिक आजारावरचे उपचार यांतलं काहीही शंभर अनोळखी फोनमध्ये जाता कामा नये, म्हणून बायोडेटात ते नकोच. पण साखरपुड्याची तारीख काढण्याआधी ज्याच्याशी लग्न करायचं त्याला समोर बसून, औषधांच्या नावांसकट सांगायला हवं. आई-वडिलांनी परस्पर घरच्यांना सांगणं पुरेसं नाही. मुलापर्यंत ते पोचलंच नाही, असंही होतं.

या मुलीकडे मग दोन प्रती तयार होतात: ग्रुपवर जाणारी अर्ध्या पानाची आणि बोलणं झाल्यावर द्यायची पूर्ण. दोन्हींच्या कोपऱ्यात महिना आणि वर्ष टाकावं, आणि अर्ध्या पानावर वडिलांच्या नेहमीच्या नंबराऐवजी फक्त स्थळांसाठी घेतलेलं सिम द्यावं. लग्न ठरून वर्ष झालं तरी जुन्या बायोडेटावरून फोन येतच राहतात, आणि तेव्हा ते सिम काढून ठेवता येतं.