शहर बदलताना काचबिंदूचा एक कागद

काचबिंदू असलेला माणूस नव्या शहरात नव्या डॉक्टरांसमोर बसतो. डोळ्यांचा दाब मोजला जातो : उजवा १२, डावा १६. सर्वसाधारण डोळ्यात हा दाब १० ते २१ असतो, म्हणजे दोन्ही आकडे चांगलेच. पण हे आकडे औषधानंतरचे आणि शस्त्रक्रियेनंतरचे आहेत. त्याआधी दाब किती होता, हे आजच्या तपासणीत दिसत नाही. ते सांगणारा कागद रुग्णानेच बरोबर न्यायला हवा.

उदाहरणादाखल, नाशिकहून पुण्याला मुलाकडे राहायला निघालेल्या चौसष्ट वर्षांच्या बाईंचं टिपण असं असेल :

निदान २०१४, दोन्ही डोळे. कोन उघडा. थेंब सुरू करण्याआधीचा दाब : उजवा ३४, डावा २८. आईला काचबिंदू होता. मला दमा आहे.

उजवा डोळा : मार्च २०१६, ट्रॅबेक्युलेक्टोमी. २०२१, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया. सध्या थेंब नाहीत.

डावा डोळा : शस्त्रक्रिया नाही. लॅटॅनोप्रॉस्ट, रात्री नऊला एक थेंब. डॉर्झोलामाइड, सकाळी आणि रात्री.

बंद केलेले थेंब : टिमोलॉल, धाप लागली म्हणून. ब्रिमोनिडीन, डोळे लाल होऊन खाज आली म्हणून.

आधीच्या डॉक्टरांनी ठरवलेली दाबाची मर्यादा : उजवा १२, डावा १६.

यातली सगळ्यात मोलाची माहिती म्हणजे ३४ आणि २८ हे आकडे. दाब किती खाली ठेवायचा, हे प्रत्येक डोळ्यासाठी वेगळं ठरतं. मूळ दाब किती होता आणि दृष्टीच्या नसेचं नुकसान किती झालंय, यावर ते अवलंबून असतं. मूळ आकडा हरवला, तर तो पुन्हा मिळवण्यासाठी थेंब काही आठवडे बंद ठेवावे लागतील, आणि नस आधीच दुखावलेली असताना तो धोका सहसा कोणी पत्करत नाही. म्हणून जुनी फाइल काढून पहिल्या भेटीचे आकडे शोधून ठेवा.

थेंबांच्या यादीत कंपनीने बाटलीला दिलेलं नाव पुरत नाही, आतल्या औषधाचं नाव लिहा. काचबिंदूच्या बऱ्याच बाटल्यांत दोन औषधं एकत्र असतात आणि त्यातलं एक बहुधा टिमोलॉल असतं. डोळ्यात टाकलेला थेंब नाकाच्या वाटेने रक्तात जातो. दमा असलेल्याला टिमोलॉलने धाप लागू शकते, काहींची नाडीही मंदावते. या बाईंच्या हाती नव्या शहरात डॉर्झोलामाइडऐवजी त्याची टिमोलॉलसह असलेली बाटली आली, तर नाव नवं असल्याने त्यांना कळणारही नाही. म्हणून थेंब बंद केला इतकंच लिहू नका, का बंद केला तेही लिहा. गुण आला नाही, ॲलर्जी आली आणि परवडला नाही, या तिन्ही कारणांवर डॉक्टरांचा पुढचा निर्णय वेगळा असतो.

शस्त्रक्रियेचं नाव, डोळा आणि साल नेमकं हवं. ट्रॅबेक्युलेक्टोमीत डोळ्यातलं पाणी बाहेर यायला नवी वाट केली जाते आणि वरच्या पापणीखाली पातळ आवरणाचा फुगवटा तयार होतो. तिथून जंतुसंसर्ग कित्येक वर्षांनीही होऊ शकतो. अशा डोळ्यात लाली, दुखणं, चिकटा किंवा अंधुकपणा आला, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे. डोळे आले असतील म्हणून दुकानातून थेंब आणून वाट पाहायची नाही. त्यातही स्टेरॉइडच्या थेंबांनी काहींचा दाब वाढतो. पूर्वी असं झालं असेल, तर त्याचीही एक ओळ लिहावी.

टिपणामागे जुने तपासणी-अहवाल जोडा. मशीनमध्ये डोकं ठेवून दिवा दिसला की बटण दाबायची ती फील्ड टेस्ट, आणि नसेचं स्कॅन म्हणजे ओसीटी. काचबिंदू स्थिर आहे की पुढे सरकतोय, हे एका अहवालावरून ठरत नाही, जुन्या-नव्यांची तुलना करावी लागते. सुरुवातीचे आणि अलीकडचे अहवाल नक्की असू द्या. ओसीटीची काळी-पांढरी झेरॉक्स मात्र नको, कारण तिच्यातले लाल, पिवळे, हिरवे रंगच नस कुठे पातळ झाली ते दाखवतात. स्कॅनचं मशीन वेगळ्या कंपनीचं असेल, तर आकडे थेट जुळत नाहीत. नवे डॉक्टर पुन्हा स्कॅन करायला सांगतील, ते मुकाट्याने करून घ्यावं.

भेटीच्या दिवशी डॉक्टरांनी वेगळं सांगितलं नसेल, तर थेंब नेहमीप्रमाणे टाका आणि शेवटचा थेंब किती वाजता टाकला ते कागदावर लिहा. नवी भेट लांबली तरी खंड पडू नये, म्हणून महिनाभराची औषधं बरोबर ठेवा. काचबिंदूत गेलेली दृष्टी परत येत नाही. सामान बांधायच्या आधी जुन्या डॉक्टरांकडे एकदा जा आणि हा कागद त्यांच्याकडून तपासून, सही घेऊनच निघा.