गोठवलेल्या भ्रूणाचे प्रत्यारोपण : नैसर्गिक चक्र आणि औषधसिद्ध चक्र

गोठवलेल्या भ्रूणाचे प्रत्यारोपण ही वंध्यत्वावरील उपचारांतील एक पद्धत आहे. शरीराबाहेर फलन करून गोठवून ठेवलेला भ्रूण या पद्धतीत पूर्ववत तापमानाला आणून गर्भाशयात सोडला जातो. अशा भ्रूणापासून पहिले मूल १९८४ साली ऑस्ट्रेलियातील मेलबर्न येथे जन्मले. भ्रूण रुजण्यासाठी गर्भाशयाचे आतील अस्तर तयार असावे लागते. ही तयारी स्त्रीच्या स्वतःच्या मासिक पाळीच्या चक्रात केली तर त्यास 'नैसर्गिक चक्र' आणि बाहेरून दिलेल्या संप्रेरकांनी केली तर 'औषधसिद्ध चक्र' म्हणतात.

## मूळ फरक : पीतपिंड

पाळीच्या पूर्वार्धात बीजांडकोशातील बीजपुटक वाढते आणि इस्ट्रोजेन हे संप्रेरक स्रवते. त्यामुळे अस्तर जाड होते. बीज बाहेर पडल्यावर त्याच पुटकाचे रूपांतर पीतपिंडात होते. पीतपिंड प्रोजेस्टेरॉन स्रवतो आणि जाड झालेले अस्तर भ्रूण स्वीकारण्याजोगे होते. गर्भधारणा झाल्यास, वार स्वतः पुरेसे प्रोजेस्टेरॉन तयार करू लागेपर्यंत, म्हणजे साधारण सात ते नऊ आठवड्यांपर्यंत, गर्भाचा आधार पीतपिंडच असतो.

नैसर्गिक चक्रात पीतपिंड असतो. औषधसिद्ध चक्रात पुटक वाढू दिले जात नाही, म्हणून पीतपिंड तयारच होत नाही. दोन्ही पद्धतींचे बहुतेक गुणदोष या एका फरकातून निघतात.

## नैसर्गिक चक्र

पाळीच्या साधारण दहाव्या दिवसापासून सोनोग्राफीने पुटकाचा आकार आणि अस्तराची जाडी पाहतात. पुटक १६ ते १८ मिलिमीटरचे झाले की बीजोत्सर्ग जवळ आलेला असतो. त्यापूर्वी रक्तातील एल.एच. हे संप्रेरक एकाएकी वाढते आणि ही वाढ सुरू झाल्यानंतर सुमारे ३६ तासांनी बीज बाहेर पडते. पाच दिवस वाढवून गोठवलेला भ्रूण बीजोत्सर्गानंतर पाच दिवसांनी सोडला जातो. काही ठिकाणी एल.एच.ची वाट न पाहता एच.सी.जी.चे इंजेक्शन देऊन बीजोत्सर्ग घडवतात. त्यास 'सुधारित नैसर्गिक चक्र' म्हणतात.

या पद्धतीची अडचण अशी की तारीख शरीर ठरवते. एल.एच.ची वाढ नजरेतून सुटली, तर भ्रूणाचे वय आणि अस्तराची अवस्था यांचा मेळ बसत नाही आणि ते चक्र सोडून द्यावे लागते.

## औषधसिद्ध चक्र

पाळीच्या दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवसापासून इस्ट्रोजेनच्या गोळ्या सुरू करतात. दिवसाला एकूण ६ मिलिग्रॅम इस्ट्रॅडिओल व्हॅलरेट हे नेहमीचे प्रमाण आहे. दहा ते चौदा दिवसांनी अस्तर पुरेसे जाड दिसले, तर प्रोजेस्टेरॉन सुरू करतात आणि त्याच्या सहाव्या दिवशी पाच दिवसांचा भ्रूण सोडतात. प्रोजेस्टेरॉन कधी सुरू करायचे हे डॉक्टर ठरवत असल्याने प्रत्यारोपणाची तारीख काही दिवस मागेपुढे करता येते. दूरच्या तालुक्यातून येणाऱ्या रुग्णाच्या आणि प्रयोगशाळेच्या दृष्टीने ही मोठी सोय आहे.

या चक्रात पीतपिंड नसल्याने सर्व भार औषधांवर असतो. गर्भधारणेची चाचणी सकारात्मक आली तरी ही औषधे साधारण दहा ते बारा आठवड्यांपर्यंत चालू ठेवतात. त्यापूर्वी ती स्वतःहून बंद केल्यास गर्भाला दुसरा आधार राहत नाही. योनिमार्गातून दिलेले प्रोजेस्टेरॉन काही स्त्रियांच्या रक्तात कमी प्रमाणात उतरते. म्हणून काही रुग्णालये प्रत्यारोपणाच्या सुमारास रक्ततपासणी करून गरजेनुसार इंजेक्शनाची जोड देतात.

## अस्तर पातळ राहणे

अस्तराची जाडी सोनोग्राफीत गर्भाशयाच्या उभ्या छेदात, सर्वांत जाड भागी, दोन्ही थर मिळून मोजतात. ७ मिलिमीटरपेक्षा कमी जाडीस सामान्यतः 'पातळ' म्हणतात. ही सीमारेषा काटेकोर नाही. याहून पातळ अस्तरातही गर्भधारणा होते, फक्त तिची शक्यता घटत जाते. शिवाय दोन तपासनीसांच्या मोजणीत एखाद्या मिलिमीटरचा फरक सहज पडतो. त्यामुळे ६.८ आणि ७.१ या दोन आकड्यांत वस्तुतः भेद नसू शकतो.

गर्भपातानंतर पिशवी साफ करताना अस्तराच्या तळाच्या थराला इजा होणे आणि त्यामुळे आतील भिंती एकमेकींना चिकटणे, हे पातळ अस्तराचे एक प्रमुख कारण आहे. भारतात जननेंद्रियांचा क्षयरोग हेही महत्त्वाचे कारण मानले जाते. तळाचा थरच नष्ट झाला असेल, तर इस्ट्रोजेन कितीही वाढवले तरी जाडी वाढत नाही. म्हणून दोन-तीन आठवड्यांच्या औषधांनंतरही अस्तर तसेच राहिल्यास मात्रा वाढवत जाण्याऐवजी हिस्टरोस्कोपीने, म्हणजे दुर्बिणीने, गर्भाशयाच्या आत पाहणे अधिक उपयुक्त ठरते. सिल्डेनाफिल किंवा रुग्णाच्याच रक्तातील प्लेटलेट-समृद्ध द्रव यांसारखे उपायही योजले जातात. मात्र त्यांच्या उपयुक्ततेचा पुरावा अद्याप भक्कम नाही.

## एक नमुना उदाहरण

पुढील उदाहरण केवळ स्पष्टीकरणासाठी रचलेले आहे. ३४ वर्षांच्या एका स्त्रीची पाळी दर २९ दिवसांनी येते. पूर्वी गर्भपातानंतर तिची पिशवी साफ केलेली आहे. औषधसिद्ध चक्रात तेराव्या दिवशी तिचे अस्तर ६.२ मिलिमीटर आणि गोळ्या वाढवूनही विसाव्या दिवशी ६.४ मिलिमीटर भरते. प्रोजेस्टेरॉन सुरू न करता चक्र थांबवले जाते आणि भ्रूण गोठलेलेच राहतात. हिस्टरोस्कोपीत भिंती एका कोपऱ्यात चिकटलेल्या आढळतात व त्या सोडवल्या जातात.

दोन पाळ्यांनंतर नैसर्गिक चक्र निवडले जाते. तेराव्या दिवशी पुटक १७ मिलिमीटर आणि अस्तर ७.१ मिलिमीटर असून त्यात तीन रेषा स्पष्ट दिसतात. चौदाव्या दिवशी रक्तात एल.एच. वाढलेले आढळते, पंधराव्या दिवशी बीजोत्सर्ग होतो आणि विसाव्या दिवशी भ्रूण सोडला जातो. येथे जाडी शस्त्रक्रियेने वाढली की स्वतःच्या चक्रामुळे, हे एका चक्रावरून सांगता येत नाही. पातळ अस्तरासाठी नैसर्गिक चक्र नेहमीच सरस ठरते, असा निष्कर्षही यातून निघत नाही.

## निवड कशी होते

पहिला प्रश्न बीजोत्सर्ग नियमित होतो का, हा असतो. ज्यांचे बीजांडकोश अकाली निकामी झाले आहेत, त्यांना औषधसिद्ध चक्राशिवाय पर्याय नसतो. पीसीओएसमुळे पाळी अनियमित असल्यास औषधसिद्ध चक्र किंवा लेट्रोझोलसारख्या गोळ्यांनी बीजोत्सर्ग घडवून केलेले चक्र, असे दोन मार्ग असतात. पाळी नियमित असल्यास दोन्ही पद्धती शक्य असतात आणि निवड खऱ्या अर्थाने तेथेच करावी लागते.

यशाच्या प्रमाणावरून ही निवड सहज होत नाही. नेदरलँड्समधील 'अंटार्क्टिका' या चाचणीत (२०१६) ९५९ स्त्रियांची विभागणी सुधारित नैसर्गिक आणि औषधसिद्ध अशा दोन गटांत केली होती. जिवंत बालकाच्या जन्माच्या प्रमाणात दोन्ही गटांत संख्याशास्त्रीयदृष्ट्या लक्षणीय फरक आढळला नाही. रद्द झालेली चक्रे मात्र औषधसिद्ध गटात अधिक होती.

अलीकडे मातेच्या सुरक्षिततेचा मुद्दा पुढे आला आहे. औषधसिद्ध चक्रानंतरच्या गरोदरपणात उच्च रक्तदाब आणि प्रीएक्लॅम्प्सिया अधिक आढळतात, असे अनेक निरीक्षणात्मक अभ्यासांत दिसून आले आहे. पीतपिंड रिलॅक्सिनसारखी रक्तवाहिन्यांवर परिणाम करणारी द्रव्येही स्रवतो आणि औषधांत ती नसतात, हे त्याचे संभाव्य कारण मानले जाते. त्यामुळे नियमित पाळी असलेल्या आणि विशेषतः रक्तदाबाचा धोका असलेल्या स्त्रियांसाठी अनेक तज्ज्ञ नैसर्गिक चक्राला प्राधान्य देतात. तरीही वारंवार सोनोग्राफीसाठी येणे रुग्णास शक्य नसेल, किंवा प्रयोगशाळा सुट्टीच्या दिवशी बंद राहत असेल, तर व्यवहारात औषधसिद्ध चक्रच निवडले जाते.