पोर्टाबाहेर थांबलेला प्रिंटर

ऑफिसच्या भिंतीतल्या सॉकेटात कुणीही लॅपटॉपची वायर खोचली की तो थेट आतल्या नेटवर्कमध्ये येतो. हे रोखण्यासाठी आयईईईने २००१ साली ८०२.१एक्स हे मानक प्रसिद्ध केलं. त्यात स्विचचं पोर्ट आधी बंद असतं. वायर लागली की स्विच ओळख विचारतो, लॅपटॉपचं उत्तर रेडियस सर्व्हरकडे तपासायला पाठवतो आणि होकार आला तरच पोर्ट उघडतो.

जुन्या प्रिंटरला या प्रश्नाचं उत्तरच देता येत नाही. त्यांच्यासाठी वेगळी वाट ठेवतात. उत्तर आलं नाही, तर स्विच प्रिंटरचा मॅक पत्ता रेडियसकडे पाठवतो आणि तो यादीत असेल तर प्रवेश मिळतो.

एका ऑफिसात मी हे बसवलं आणि दुसऱ्याच सकाळी छपाई बंद पडली. यादीत पत्ता बरोबर होता. प्रिंटरच्या पडद्यावर मात्र 169.254 ने सुरू होणारा आयपी पत्ता दिसत होता. डीएचसीपीकडून काही मिळालं नाही, म्हणून प्रिंटरने तो स्वतःच घेतला होता. सिस्कोच्या अनेक स्विचांवर मूळ सेटिंगनुसार प्रश्न तीनदा विचारला जातो आणि दर वेळी ३० सेकंद वाट पाहिली जाते. म्हणजे पोर्ट उघडायला दीड मिनिट लागतं, आणि तोवर प्रिंटरने पत्ता मागणं सोडून दिलेलं असतं. आम्ही वाट पाहण्याचा वेळ १० सेकंदांवर आणला:

```
authentication order dot1x mab
mab
dot1x timeout tx-period 10
```

आता अर्ध्या मिनिटात पोर्ट उघडू लागलं. वेळ याहून फार कमी केला, तर सावकाश सुरू होणारे लॅपटॉपही प्रिंटरच्या वाटेला लागतात.

पक्का आयपी पत्ता दिलेल्या प्रिंटरची अडचण वेगळी. तो झोपलेला असताना पोर्टाची परवानगी संपली, तर तो स्वतःहून काहीच पाठवत नाही. त्याच्याकडून एक तरी संदेश आल्याशिवाय स्विचला मॅक पत्ता कळत नाही, आणि बंद पोर्टामुळे त्याला उठवणारी हाकही आत जात नाही. `authentication control-direction in` दिलं की बाहेरून येणाऱ्याची अडवणूक कायम राहते, पण स्विचकडून प्रिंटरकडे जाणारे संदेश सुटतात. हाक ऐकून प्रिंटर उत्तर देतो आणि ओळख पटते.

या वाटेत एक कच्चा दुवा राहतोच. मॅक पत्ता बहुधा प्रिंटरच्या लेबलवर छापलेला असतो आणि लॅपटॉपला तो सहज लावता येतो. म्हणून असे प्रिंटर मी वेगळ्या व्हीलॅनमध्ये ठेवतो. तिथे प्रिंट सर्व्हरला प्रिंटरच्या ९१०० पोर्टापर्यंत जाऊ देतो, पण प्रिंटरने स्वतःहून इतर संगणकांशी सुरू केलेला संपर्क अडवतो.