जंतांचे औषध घेऊनही जंत परत का येतात?

शाळेत जाणाऱ्या मुलांना जंत होणे ही घरोघरीची तक्रार आहे. औषध स्वस्त आहे आणि गुणकारीही आहे. तरीही महिना-दीड महिन्यात तीच तक्रार पुन्हा उद्भवते आणि दोष औषधाला दिला जातो. त्याचे खरे कारण मात्र बहुधा घरातच असते.

एका एकत्र कुटुंबाचे उदाहरण पाहू. घरात आजी-आजोबा, दोन भावांची बिऱ्हाडे व चार मुले. त्यांतील सात वर्षांच्या मुलीला रात्री गुदद्वारापाशी खाज सुटे, झोप मोडे आणि दिवसा ती चिडचिड करी. शौचाची तपासणी केली, तर त्यात काहीच आढळले नाही. हे स्वाभाविकच होते. तिला झालेले जंत पांढऱ्या सुतासारखे, जेमतेम एक सेंटिमीटर लांबीचे होते. त्यांना सुतकृमी म्हणतात. यांची मादी रात्री आतड्यातून बाहेर येऊन गुदद्वाराभोवतीच्या त्वचेवर हजारो अंडी घालते, त्यामुळे ती शौचात क्वचितच सापडतात. सकाळी अंघोळीपूर्वी व शौचापूर्वी त्या जागी पारदर्शक चिकटपट्टी दाबून ती डॉक्टरांकडे नेली, की सूक्ष्मदर्शकाखाली अंडी दिसतात. अशी तपासणी लागोपाठ तीन दिवस केल्यास निदान सहसा चुकत नाही.

डॉक्टरांनी मुलीला अल्बेंडाझोलची ४०० मिलिग्रॅमची एक गोळी दिली. खाज थांबली, पण सहा आठवड्यांनी पुन्हा सुरू झाली. याची कारणे दोन होती. पहिले असे की, हे औषध जंतांना मारते, त्यांच्या अंड्यांना नाही. मुलीने खाजवल्यावर अंडी तिच्या नखांत अडकत, तेथून चादरीवर व खेळण्यांवर पोहोचत. ही अंडी काही तासांतच संसर्गक्षम होतात आणि दोन ते तीन आठवडे टिकू शकतात. दुसरे कारण म्हणजे, तिच्या शेजारी झोपणाऱ्या भावंडांना औषध दिलेच नव्हते. खाज नसली तरी पोटात जंत असू शकतात.

दुसऱ्या वेळी डॉक्टरांच्या सल्ल्याने साऱ्या कुटुंबाने एकाच रविवारी गोळी घेतली आणि बरोबर दोन आठवड्यांनी दुसरी मात्रा घेतली. मधल्या काळात उरलेल्या अंड्यांतून निर्माण झालेले जंत या दुसऱ्या मात्रेने मरतात. धाकट्या दीड वर्षाच्या बाळाला डॉक्टरांनी निम्मी, म्हणजे २०० मिलिग्रॅम मात्रा दिली. गरोदर असलेल्या धाकट्या सुनेला मात्र औषध दिले नाही. तिने केवळ स्वच्छता पाळली. एक वर्षाखालील बाळालाही हे औषध परस्पर देऊ नये.

त्या दोन आठवड्यांत घरात काही नियम कटाक्षाने पाळले गेले. मुलांची नखे कापली. रात्री घातलेली अंडी धुऊन जावीत म्हणून अंघोळ सकाळी उठल्याबरोबर घातली आणि आतले कपडे रोज बदलले. चादरी न झटकता गुंडाळून गरम पाण्यात धुतल्या. झटकल्याने अंडी खोलीभर उडतात. याच कारणाने केर काढण्याऐवजी ओल्या फडक्याने फरशी पुसली. शौचानंतर व जेवणापूर्वी हात साबणाने चोळून धुतले. सॅनिटायझरने ही अंडी मरत नाहीत, म्हणून साबण व पाणी हाच मार्ग. यानंतर मुलीची तक्रार परत आली नाही.

गोलकृमीची गोष्ट निराळी आहे. हा जंत पेन्सिलीएवढा जाड व वीतभर लांब होतो. त्याची अंडी शौचातून मातीत पडतात आणि तेथे दोन-तीन आठवडे राहिल्यावरच संसर्गक्षम होतात. म्हणून तो अंथरुणातून नव्हे, तर मातीतले हात व न धुतलेली भाजी यांतून येतो. कंदमुळे ज्या घरात येत नाहीत, तेथेही कच्ची कोथिंबीर येतेच. ती निवडून वाहत्या पाण्याखाली नीट धुवावी. या संसर्गात पोटदुखी, मंदावलेली भूक व खुंटलेले वजन दिसते. पुष्कळदा काहीच लक्षण दिसत नाही. यासाठी एक मात्रा सहसा पुरते. परंतु पोट फुगले, उलट्या थांबेनात आणि शौचास होईना, तर जंतांच्या गुंत्याने आतडे अडल्याची शक्यता असते. अशा वेळी घरी जंतांचे औषध न देता मुलास तत्काळ रुग्णालयात न्यावे.

राष्ट्रीय जंतनाशक दिनी शाळेत मिळणारी गोळी मुलांना अवश्य द्यावी. त्या दिवशी मूल आजारी असल्यास बरे झाल्यावर द्यावी. ती मातीतून येणाऱ्या जंतांसाठी उपयोगी आहे. सुतकृमीसाठी मात्र ती एकटी पुरत नाही. गोड खाल्ल्याने जंत होतात हा समजही सोडावा. जंत होतात ते पोटात गेलेल्या अंड्यांमुळे. रात्रीची खाज दिसली, तर डॉक्टरांना दोन गोष्टी विचाराव्यात: घरातील कोणाकोणाला औषध द्यायचे आणि दुसरी मात्रा कोणत्या तारखेला. ती तारीख त्याच दिवशी दिनदर्शिकेवर लिहून ठेवावी.