दहा टक्के सूट आणि टॉवेलची पडतळ

मोठ्या ऑर्डरवर आणखी सूट मागणाऱ्या ग्राहकाला उत्तर देण्याआधी विक्रेत्याने आपली पडतळ कागदावर मांडलेली असावी लागते. सोलापूरच्या टेरी टॉवेलचे एक उदाहरण घेऊ. त्यातले आकडे केवळ हिशेब समजण्यासाठी आहेत. एका हॉटेल समूहाला 2,000 टॉवेल हवे आहेत. कारखानदाराने नगाला 250 रुपये असा घाऊक भाव दिला आहे. सूत, रंगाई, विणकाम, मजुरी, पॅकिंग, वाहतूक आणि 45 दिवसांच्या उधारीचे व्याज धरून पडतळ 215 रुपये बसते. म्हणजे नगामागे 35 रुपये आणि पूर्ण ऑर्डरवर 70,000 रुपये सुटतात.

हॉटेलचा खरेदी अधिकारी फोनवर म्हणतो, "अजून दहा टक्के कमी करा, ऑर्डर आजच देतो." दहा टक्के म्हणजे 25 रुपये. भाव 225 वर येतो. पडतळ मात्र 215 वरच राहते. नगामागचा नफा 35 वरून 10 रुपयांवर आणि एकूण नफा 70,000 वरून 20,000 रुपयांवर येतो. तेच 70,000 रुपये मिळवायला आता 2,000 ऐवजी 7,000 टॉवेल विणावे लागतील. सूट विक्रीच्या भावावर मोजली जाते, पण ती जाते नफ्यातून. म्हणून ऐकायला लहान वाटणारी टक्केवारी नफ्याचा मोठा घास घेते.

अशा वेळी "बरं, तुमचे दहा नको, आमचे शून्य नको, पाच टक्क्यांवर मिटवू" असे म्हणणे सोपे वाटते. त्यात नगामागे साडेबारा रुपये जातात आणि बदल्यात काहीच मिळत नाही. शिवाय पहिला भाव फुगवून सांगितला होता, असा ग्राहकाचा समज होतो आणि पुढच्या ऑर्डरला घासाघीस तिथूनच सुरू होते.

त्यापेक्षा पडतळीतला कोणता खर्च ग्राहकाच्या मदतीने कमी होईल, हे पाहावे. या उदाहरणात अशा तीन जागा आहेत. पहिली उधारीची. वर्षाला 12 टक्के व्याजाने 250 रुपये दीड महिना अडकले, तर 3 रुपये 75 पैसे खर्च येतो. माल निघण्यापूर्वी पूर्ण पैसे मिळाले, तर तो वाचतो. दुसरी पॅकिंगची. प्रत्येक टॉवेल वेगळ्या पिशवीत घालण्याऐवजी पन्नासांचे गठ्ठे बांधले, तर समजा 4 रुपये वाचतात. हॉटेलात टॉवेल वापरण्याआधी धुतलाच जातो, त्यामुळे तिथे पिशवीचा फारसा उपयोग नसतो. तिसरी वाहतुकीची. तीन हॉटेलांना तीन खेपा पाठवण्याऐवजी एकाच गोदामात सगळा माल उतरवला, तर 3 रुपये वाचतात. एकूण बचत 10 रुपये 75 पैसे. त्यातले 8 रुपये ग्राहकाला दिले, तर भाव 242 होतो आणि कारखानदाराचा नफा 37 रुपये 75 पैसे, म्हणजे आधीपेक्षा थोडा जास्तच राहतो.

उत्तर लेखी, थोडक्यात आणि अट आधी ठेवून द्यावे: "साहेब, सध्याच्या अटींवर 250 हाच आमचा भाव आहे. माल निघण्यापूर्वी पूर्ण पैसे दिलेत, तर नगामागे 3 रुपये कमी करू. पन्नासांच्या गठ्ठ्यांत माल चालत असेल, तर आणखी 3, आणि एकाच ठिकाणी उतरवून घेतलात, तर 2 रुपये. तिन्ही मान्य असल्यास भाव 242 पडेल. हा भाव पंधरा दिवसांसाठी आहे, कारण सुताचे दर बदलतात." प्रत्येक सवलतीची किंमत वेगळी लिहिल्यामुळे ग्राहकाने नंतर 242 च्या भावात उधारी मागितली, तर "मग 245 होतील" एवढेच सांगावे लागते.

ग्राहक 225 वरच अडला, तर हलक्या वजनाचा टॉवेल सुचवता येतो. चौरस मीटरला 500 ग्रॅमऐवजी 450 ग्रॅमच्या टॉवेलला सूत कमी लागते. मात्र हा वेगळा माल आहे. त्याचा नमुना आणि वेगळे दरपत्रक द्यावे. 500 चा भाव तोडून गुपचूप 450 चा माल भरला, तर वजनकाट्यावर ते लगेच उघडे पडते आणि पूर्ण माल परत येतो.

"पुढची ऑर्डर मोठी देऊ" या शब्दावर आज सूट देऊ नये. वर्षभरात ठरलेली खरेदी खरोखर पूर्ण झाली, तर फरक क्रेडिट नोटने परत करण्याचे लिहून द्यावे. जादा भावाच्या बदल्यात तीन महिन्यांची उधारी देण्याचा सौदाही टाळावा. नोंदणीकृत सूक्ष्म आणि लघु उत्पादकाचे पैसे देण्यासाठी 2006 च्या कायद्यानुसार करारातही 45 दिवसांपेक्षा जास्त मुदत ठेवता येत नाही.

बोलणी सुरू होण्याआधीच शेवटचा भाव ठरवून ठेवावा. माग रिकामे असताना एखादी ऑर्डर कमी नफ्यावर घेता येते, कारण काही खर्च माग बंद असतानाही चालूच राहतात. पण सूत, मजुरी, पॅकिंग आणि वाहतूक यांचा रोख खर्चही ज्या भावात निघत नाही, ती ऑर्डर कितीही मोठी असली तरी सोडून द्यावी.